पिन टम्बलर कुलूप आपली किल्ली कशी ओळखते: जुना सिलिंडर उघडून, मोजून समजून घेऊ

दोन किल्ल्या एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरा. पाचपैकी चार खाचा तंतोतंत जुळतात. उरलेल्या एका खाचेत फरक आहे, तोही वहीच्या चार कागदांच्या जाडीएवढा. तरी एका किल्लीने दार उघडते आणि दुसरीने कुलूप जागचे हलत नाही. कुलूप हा फरक कसा पकडते ते आकृती पाहून अर्धवटच कळते. एखादा जुना सिलिंडर टेबलावर उघडला, त्यातल्या पिना बोटाने चाचपल्या आणि व्हर्नियरने मोजल्या, की ते एका दुपारात पक्के समजते. या लेखात तेच करायचे आहे.

आधी योग्य कुलूप निवडा. कडीला लावायच्या अनेक कुलपांवर ‘७ लिव्हर’ असे कोरलेले असते. त्यांच्या आत पिना नसून पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्यामुळे ती या कामाची नाहीत. आपल्याला हवा तो दाराच्या नाइट लॅचचा बाहेरून दिसणारा गोल पितळी सिलिंडर. त्याच्या तोंडात टॉर्च मारला की अरुंद, नागमोडी फट दिसते आणि फटीत वरच्या बाजूने डोकावणारे पितळी टोक दिसते. ती पहिली पिन. किल्ली चपटी आणि एका कडेने करवतीसारखी दात्यांची असते. बाजारात ज्या किल्लीला ‘कॉम्प्युटर की’ म्हणतात, म्हणजे जिच्या सपाट अंगावर गोल खळगे असतात, तिच्या कुलपातही बहुतेक वेळा अशाच पिना असतात, फक्त त्या कडेऐवजी पात्याच्या सपाट बाजूवर टेकतात.

अमेरिकेत थोरल्या लायनस येल यांनी १८४८ च्या सुमारास पिन टम्बलर कुलूप आणले. त्यांच्याच नावाच्या मुलाने १८६१ आणि १८६५ च्या पेटंटांतून त्याला छोटी, चपटी किल्ली दिली. आपल्या दारावरचा सिलिंडर मूळ कल्पनेने आजही तोच आहे.

आत काय असते

सिलिंडरचे दोन मुख्य भाग. बाहेरची बॉडी, जी दारात घट्ट बसलेली असते, आणि तिच्या पोटातल्या गोल भोकात फिरणारा प्लग. किल्ली प्लगमध्ये जाते. प्लगच्या मागच्या टोकाला चपटी पितळी पट्टी असते. प्लग फिरला की ती पट्टी फिरते आणि दाराच्या आतल्या लॅचची जीभ मागे ओढते. म्हणजे कुलपाला एकच गोष्ट ठरवायची असते, ती म्हणजे प्लगला फिरू द्यायचे की नाही.

ते ठरवण्यासाठी बॉडीच्या वरच्या भागातून प्लगमध्ये एका ओळीत पाच भोके पाडलेली असतात. अर्धे भोक बॉडीत, अर्धे प्लगमध्ये. प्रत्येक भोकात खालून वर तीन वस्तू असतात. सर्वांत खाली किल्लीवर टेकणारी खालची पिन, जिचे टोक निमुळते असते. तिच्यावर वरची पिन, म्हणजे ड्रायव्हर. आणि सगळ्यांत वर, या दोघींना सतत खाली दाबणारी बारीक स्प्रिंग. पाचही भोकांतल्या खालच्या पिनांची लांबी वेगवेगळी असते. कुलपाची सगळी ओळख याच लांब्यांत आहे.

प्लगचा गोल पृष्ठभाग आणि बॉडीचे गोल भोक जिथे एकमेकांना लागून असतात, त्या सांध्याला शिअर लाइन म्हणतात. किल्ली नसताना स्प्रिंग दोन्ही पिना खाली ढकलते. त्यामुळे ड्रायव्हर पिन अर्धी बॉडीत आणि अर्धी प्लगमध्ये, अशी खिट्टीसारखी अडकून बसते. पाच भोकांत पाच खिट्ट्या. प्लग फिरायचा तर पाचही ठिकाणी वरची पिन पूर्ण वर आणि खालची पिन पूर्ण खाली हवी आणि दोघींमधला सांधा नेमका शिअर लाइनवर यायला हवा. चार ठिकाणी आला आणि एका ठिकाणी नाही, तर ती एक खिट्टी पुरेशी आहे.

युरोपीय पद्धतीच्या सिलिंडरमध्ये ही रचना बरेचदा उलटी बसवलेली असते. तिथे पिना खाली असतात आणि स्प्रिंग त्यांना वर ढकलते. तत्त्व तेच. पुढे सगळीकडे पिना वर आहेत असे धरले आहे.

सिलिंडर उघडताना

दारावर वापरात असलेले कुलूप या कामाला घेऊ नका. भंगारातला किंवा बदललेला सिलिंडर घ्या, पण त्याची चालणारी किल्ली हवीच. त्याशिवाय हवा एक छोटा स्क्रूड्रायव्हर, चिमटा, व्हर्नियर कॅलिपर, पाच कप्प्यांचा कोणताही ट्रे (गोळ्यांचा डबा चालतो) आणि एक गोल दांडी. या दांडीवरच सगळे काम अवलंबून आहे. तिचा व्यास प्लगच्या व्यासाएवढाच हवा आणि तिचे टोक सपाट कापलेले हवे. लाकडी किंवा प्लास्टिकची दांडी पॉलिश पेपरने घासून मापात आणता येते. दांडी बारीक असेल तर तिच्या वरच्या फटीत ड्रायव्हर पिना तिरक्या होऊन अडकतात आणि मग सगळेच बाहेर ओतावे लागते.

सिलिंडरच्या मागची पट्टी दोन छोट्या स्क्रूंनी किंवा एका क्लिपने धरलेली असते. ती सोडवा. मग किल्ली घाला आणि प्लग साधारण २० ते ३० अंश फिरवा. सरळ ठेवून ढकलू नका. सरळ असताना प्लगमधली भोके बॉडीतल्या भोकांखाली येतात. प्लग बाहेर सरकताना त्याचे मागचे भोक बॉडीतल्या पुढच्या भोकाखाली आले की तिथली ड्रायव्हर पिन खाली घसरते आणि प्लग तिथेच रुततो. उलट, अर्धा फेरा म्हणजे १८० अंशही फिरवू नका. काही प्लगच्या खालच्या बाजूला किल्लीची फट उघडी असते, त्या फटीत ड्रायव्हर उतरू शकतात.

आता दांडी मागून प्लगला टेकवा आणि दोन्ही मिळून पुढे सरकवा. प्लग पुढून बाहेर येतो आणि त्याची जागा दांडी घेते. दोघांमध्ये कागदाएवढीही फट पडू देऊ नका. फट पडली की टप् असा आवाज येतो आणि स्प्रिंग टेबलाखाली गेलेली असते. म्हणून हे काम ट्रेवर किंवा पसरलेल्या टॉवेलवर करा. दांडी बॉडीतच राहू द्या. पाच ड्रायव्हर आणि पाच स्प्रिंगा तिने वर अडवून धरल्या आहेत.

हातात आलेला प्लग आडवा धरा, किल्ली आतच ठेवा, भोके वर. पाच भोकांत पाच पिनांची सपाट डोकी दिसतील. त्यांच्यावरून अंगठा फिरवा. प्लगचा पृष्ठभाग आणि पिनांची डोकी एकाच पातळीत लागतील, जणू पिना नाहीतच. योग्य किल्ली म्हणजे नेमके हे.

आता ही किल्ली काढून त्याच कंपनीची, याच फटीत जाणारी दुसरी किल्ली घाला. काढताना प्लग सरळच धरा, नाहीतर पिना सांडतील. पुन्हा अंगठा फिरवा. कुठे पिनेचे डोके टोचेल, कुठे बोट खळग्यात जाईल. टोचते तिथे खालची पिन बॉडीत घुसून प्लगला अडवते. खळगा लागतो तिथे वरून ड्रायव्हर खाली उतरून अडवतो. चुकीची किल्ली या दोनच प्रकारांनी चुकते, एकतर पिन जास्त उचलते किंवा कमी.

एक किल्ली आकड्यांत

आता खरी मापे घेऊ. अमेरिकेतल्या श्लेज कंपनीच्या पाच पिनांच्या सिलिंडरची मापे जगभरचे किल्लीवाले वापरतात, त्यामुळे तेच उदाहरण घेतले आहे. तिथे प्लगचा व्यास १२.७० मिमी धरतात. किल्लीच्या प्रत्येक खाचेला ० ते ९ अशा दहा पायऱ्या असतात. ० म्हणजे सर्वांत उथळ खाच. तिथे खाचेच्या तळापासून किल्लीच्या खालच्या कडेपर्यंत ८.५१ मिमी धातू उरतो. पुढच्या प्रत्येक पायरीला ०.३८ मिमी कमी. पिनांचे उलट आहे. ० नंबरची खालची पिन ४.१९ मिमी लांब आणि पुढची प्रत्येक ०.३८ मिमीने मोठी.

दोन्ही पायऱ्या सारख्याच मापाच्या असल्याने खाच जितकी खोल, तितकी तिच्यावरची पिन लांब. बेरीज कायम १२.७० मिमी, म्हणजे प्लगच्या व्यासाएवढी. किल्लीची खालची कड फटीच्या तळाशी टेकलेली असते, त्यामुळे खाचेत उरलेला धातू आणि त्यावरची पिन मिळून प्लगचा व्यास बरोबर भरून काढतात.

समजा किल्लीचा क्रमांक २-५-३-६-१ आहे. पहिला आकडा पकडण्याच्या बाजूकडच्या खाचेचा. दुसऱ्या खाचेत धातू उरतो ६.६० मिमी आणि ५ नंबरची पिन ६.१० मिमी. बेरीज १२.७०. चौथ्या खाचेत धातू ६.२२ आणि ६ नंबरची पिन ६.४८, बेरीज पुन्हा १२.७०. उरलेल्या तीन ठिकाणीही असेच जुळते आणि प्लग फिरतो.

आता शेजाऱ्याची किल्ली घ्या, २-५-३-५-१. फक्त चौथी खाच एका पायरीने उथळ. तिथे धातू ६.६० आणि पिन तीच ६.४८, म्हणजे १३.०८. पिन प्लगच्या बाहेर ०.३८ मिमी डोकावते आणि बॉडीच्या भोकाची कड तिला अडवते. त्याऐवजी चौथी खाच एका पायरीने खोल, म्हणजे ७ नंबरची असती, तर धातू ५.८४ आणि बेरीज १२.३२. आता पिन ०.३८ मिमी खाली राहते आणि तेवढाच ड्रायव्हर प्लगमध्ये उतरतो. दोन्ही किल्ल्या फटीत पूर्ण जातात, पण दोन्ही फिरत नाहीत.

बोथट, न कापलेली किल्ली आणि सगळ्या खाचा ९ च्या खोल कापलेली किल्ली ही दोन टोके आहेत. पहिली पाचही पिना जास्त वर उचलते, दुसरीमुळे पाचही ड्रायव्हर खाली उतरतात. एक पिन चुकली काय किंवा पाच चुकल्या काय, हाताला जाणवणारे उत्तर एकच असते, प्लग फिरत नाही. ‘जवळपास बरोबर’ असे उत्तर कुलूप देत नाही, म्हणूनच ते विश्वासाचे आहे.

उंची तपासण्याआधी आणखी दोन चाचण्या झालेल्या असतात, त्या सहसा लक्षात येत नाहीत. पहिली फटीच्या नागमोडी आकाराची. किल्लीच्या पात्यावर दोन्ही बाजूंना लांब खोबणी असतात. त्या फटीतल्या उंचवट्यांशी जुळल्या नाहीत तर किल्ली आतच जात नाही. दुसरी चाचणी खांद्याची. पाते जिथे पकडीला मिळते तिथे एक पायरी असते, ती प्लगच्या तोंडाला टेकली की किल्ली थांबते. त्यामुळे प्रत्येक खाच आपापल्या पिनेखाली नेमकी येते. श्लेजमध्ये दोन शेजारच्या पिनांच्या मध्यात ३.९७ मिमी अंतर असते आणि खाचेचा सपाट तळ फक्त ०.७९ मिमी रुंद असतो. किल्ली अर्धा-पाऊण मिलिमीटर बाहेर राहिली तरी पिन सपाट तळ सोडून उतारावर चढते आणि उंची बिघडते.

फिरवलेली किल्ली बाहेर का निघत नाही तेही इथेच कळते. प्लग फिरला की खालच्या पिनांची डोकी बॉडीच्या गोल भिंतीखाली येतात. त्यांना वर उठायला जागा नसते. किल्ली ओढायची तर पिनांना खाचांच्या उतारावरून वर चढावे लागते आणि तेच आता शक्य नसते. किल्ली सरळ केल्यावरच ती सुटते.

किती किल्ल्या वेगळ्या होऊ शकतात

पाच जागा आणि प्रत्येकी दहा पायऱ्या म्हणजे १,००,००० क्रमांक, असे वाटते. प्रत्यक्षात तितके वापरता येत नाहीत, कारण एकाच पात्यावर शेजारी शेजारी कापायचे आहे. खाच सरळ भोकासारखी कापता येत नाही. पिना चढाव्या-उतराव्यात म्हणून तिला दोन्ही बाजूंना उतार लागतो. श्लेजमध्ये दोन्ही उतारांमधला कोन १०० अंश असतो. खाच जितकी खोल, तितका तिचा उतार शेजारच्या खाचेकडे पसरतो.

हिशेब सोपा आहे. दोन मध्यांमधल्या ३.९७ मिमीतून सपाट तळाचे ०.७९ मिमी वजा केले की उतारासाठी ३.१८ मिमी उरतात. एका पायरीच्या ०.३८ मिमी खोलीला या कोनात साधारण ०.४५ मिमी आडवी जागा लागते. सात पायऱ्यांच्या फरकाला ३.१८ मिमी, म्हणजे जागा नेमकी संपली. आठ पायऱ्यांचा फरक ठेवला तर खोल खाचेचा उतार शेजारच्या उथळ खाचेच्या सपाट तळाचा अर्ध्याहून अधिक भाग खाऊन टाकतो आणि तिथली पिन बसायची तिथे बसत नाही. म्हणून शेजारच्या दोन खाचांत सातपेक्षा जास्त पायऱ्यांचा फरक ठेवायचा नाही असा नियम आहे. हा नियम लावून मोजले की ७९,६६६ क्रमांक उरतात. त्यातूनही सगळ्या खाचा सारख्या असलेले किंवा जवळजवळ सपाट दिसणारे क्रमांक गाळावे लागतात.

मास्टर किल्लीच्या रचनेत ही संख्या आणखी घटते. वसतिगृहात किंवा कार्यालयात प्रत्येक खोलीची किल्ली वेगळी असते आणि व्यवस्थापकाकडे सगळ्या खोल्यांची एकच असते. त्यासाठी दोन पिनांच्या मध्ये एक पातळ चकती घालतात. आता त्या भोकात दोन सांधे झाले, म्हणजे दोन उंची चालतात. पाचही भोकांत चकती घातली तर दोनला दोनने गुणत पाच वेळा दोन, म्हणजे ३२ वेगवेगळ्या किल्ल्या तेच कुलूप उघडू शकतात. देताना आपण दोनच दिलेल्या असतात. म्हणून मास्टर किल्लीची सोय सगळ्या दारांना सरसकट देऊ नये, जिथे खरेच गरज आहे तिथेच द्यावी.

ओळख कुठे ढिली पडते

आकडे इतके नेमके असले तरी पितळ काही गणित पाळत नाही. प्लग फिरायचा तर प्लग आणि बॉडीत थोडी मोकळीक लागतेच. पिनांच्या कडाही किंचित गोल केलेल्या असतात. या मोकळिकीमुळे खाच काही शतांश मिलिमीटर इकडेतिकडे असली तरी किल्ली चालते. ते बरेच आहे, नाहीतर नवी किल्लीही अडकली असती. पण ही सवलत वाढत गेली की पायऱ्यांमधली भिंत पातळ होते. खूप झिजलेल्या कुलपात शेजारच्या पायरीची किल्लीही कधी कधी फिरते, ती याच कारणाने. असे झाले तर सिलिंडर बदला. नवीन किल्ली करून हा दोष जात नाही.

याच मोकळिकीमुळे किल्लीशिवाय कुलूप उघडणे शक्य होते. पाच भोके कागदावर एका सरळ रेषेत असतात, प्रत्यक्षात कुठलेही केसभर डावीउजवीकडे सरकलेले असते. प्लगवर हलका फिरवण्याचा दाब आला की पाचही पिना एकदम आवळल्या जात नाहीत. एकच आधी आवळते, मग दुसरी. पाच प्रश्नांचे एकत्र उत्तर मागायचे ते कुलूप मग एकेक प्रश्न विचारू लागते. यावर उपाय म्हणून चांगल्या सिलिंडरमध्ये काही ड्रायव्हर मधोमध बारीक, रिळासारख्या आकाराचे असतात. चुकीच्या उंचीवर ते तिरके अडकतात आणि आपले काम झाले असा खोटा भास देतात. सिलिंडर विकत घेताना पिना किती आहेत याच्या जोडीला अशा पिना आहेत का हेही विचारावे.

किल्लीचे रोजचे बिघाड हाताने ओळखता येतात. किल्ली पूर्ण आत घालून फिरत नाही, पण अर्धा मिलिमीटर बाहेर ओढली की फिरते? मग नक्कल करताना किल्ली मशीनच्या शिकंजात खांद्याला नीट टेकलेली नव्हती. सगळ्या खाचा एकाच दिशेला सरकल्या आहेत. ही किल्ली कानस मारून सुधारत नाही, नवीन करून घ्या. किल्ली पिनांच्या दिशेने उचलून धरली की फिरते? मग खाचा झिजून खोल झाल्या आहेत आणि पिना जेवढ्या उचलायला हव्यात तेवढ्या उचलल्या जात नाहीत. प्लग तिरका असतानाही किल्ली बाहेर येते? मग खाचांचे उतार आणि पिनांची टोके दोन्ही झिजली आहेत.

नकलेवरून नक्कल हे या दुखण्यांचे सगळ्यांत मोठे कारण. मशीन किल्लीची कड वाचते आणि तीच दुसऱ्या पात्यावर कापते. झिजलेली किल्ली दिली की झीजही नकललीच जाते, शिवाय मशीनची स्वतःची चूक वरून पडते. प्रत्येक वेळी ०.०५ मिमीची चूक झाली तर चौथ्या पिढीत ती ०.२० मिमी होते, म्हणजे पायरीच्या अर्ध्याहून जास्त. म्हणून नवीन कुलूप आले की एक मूळ किल्ली कधीही न वापरता बाजूला ठेवा आणि नक्कल नेहमी तिच्यावरूनच करून घ्या. सोबत क्रमांकाचे कार्ड आले असेल तर तेही जपा. क्रमांकावरून कापलेल्या किल्लीत कुठलीच झीज येत नाही. ते कार्ड मात्र कुलपाइतकेच जपून ठेवायचे, कारण ते हाती आले की किल्ली लागत नाही.

पावसाळ्यात किल्ली जड चालू लागली की खोबरेल तेल घालायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. दोन दिवस कुलूप हलके चालते. मग तेल फटीतल्या धुळीत मिसळून चिकट होते, पिना भोकात हळू सरकतात आणि एखादी वर गेलेली पिन स्प्रिंगने खाली यायची ती अर्ध्यातच राहते. किल्ली बरोबर असूनही कुलूप तिला ओळखत नाही. कुलपात ग्रॅफाइटची कोरडी पूड घालतात. ती नसेल तर मऊ पेन्सिल किल्लीच्या खाचांवर घासून किल्ली आठ-दहा वेळा आतबाहेर करा. आधी तेल घातलेल्या कुलपात मात्र ग्रॅफाइट टाकू नका, लगदा होतो. ते आधी सिलिंडर उघडून पिना पुसून स्वच्छ करावे लागते.

कुलपाची ओळख बदलणे, आणि परत जोडणे

प्लग अजून टेबलावर आहे. किल्ली हरवली, घर भाड्याने दिले किंवा भाडेकरू सोडून गेले, तर पूर्ण कुलूप बदलायची गरज नसते. पिना बदलल्या की कुलूप नवे होते. आपल्या उदाहरणात २-५-३-६-१ मधल्या दुसऱ्या आणि चौथ्या पिना एकमेकींच्या जागी घाला. जुन्या किल्लीची बेरीज आता दुसऱ्या भोकात १३.०८ आणि चौथ्यात १२.३२ होते. जुनी किल्ली दोन्ही बाजूंनी चुकते आणि चालते ती फक्त २-६-३-५-१. पाच पिना त्याच, किल्ली वेगळी.

असे करताना पिना एकेक करून चिमट्याने काढा आणि ट्रेच्या क्रमवार कप्प्यांत ठेवा. प्लग एकदम उलटा केला तर पाचही पिना एका ढिगात येतात. मग प्रत्येक पिन व्हर्नियरने मोजून पुन्हा ओळखावी लागते. ६.१० आणि ६.४८ मिमीच्या दोन पिना डोळ्यांनी वेगळ्या ओळखू येत नाहीत. घालताना निमुळते टोक खाली, किल्लीकडे ठेवा.

नवी किल्ली घालून पुन्हा अंगठा फिरवा. एखादे डोके टोचत असेल तर ती पिन कानशीने घासून सपाट करायचा मोह टाळा. घासताना प्लगच्या पृष्ठभागावरही चरे पडतात, शिअर लाइनची फट रुंदावते आणि कुलूप शेजारच्या किल्ल्यांनाही जागा देऊ लागते. योग्य लांबीची पिन घाला, किंवा किल्लीची खाच तपासा.

परत जोडताना उघडण्याचाच क्रम उलटा. किल्ली आत, डोकी सपाट, प्लग २०-३० अंश तिरका. प्लगने दांडीला मागे ढकलत बॉडीत शिरवा, मध्ये फट नको. पूर्ण आत गेला की किल्ली सरळ करा. पाच ड्रायव्हर प्लगच्या भोकांवर येतात, पण खाली पिना बरोबर पातळीत असल्याने ते आत उतरत नाहीत. आता किल्ली काढायची घाई सगळ्यांनाच होते आणि इथेच काम बिघडते. मागची पट्टी किंवा क्लिप बसेपर्यंत किल्ली बाहेर ओढू नका. प्लगला मागून कोणी धरलेले नसते. किल्लीसोबत तोही बाहेर येतो आणि बॉडीतल्या पिना-स्प्रिंगा टेबलावर सांडतात. पट्टी बसवा, स्क्रू घट्ट करा, मग किल्ली काढा.

सिलिंडर दारात बसवला की दार उघडेच ठेवा. नवी किल्ली दहा वेळा घालून, फिरवून, काढून पाहा. मग जुनी किल्ली घाला. ती आत जायला हवी, पण कुठल्याही बाजूला फिरता कामा नये. दोन्ही झाल्यावरच दार लावा.